वाचक गोंधळला! पहिलं गूढ शब्दकोडं सोडवताना

वाचक गोंधळला! रानात वाट चुकवतो हा (३)

नेहमीच्या शब्दकोड्यात हेच सूत्र 'रानात वाट चुकवणारं भूत (३)' असं आलं असतं. तुम्ही 'चकवा' लिहून पुढे गेला असता. शब्द माहीत असेल तर येतो, नसेल तर डोकं खाजवून उपयोग नाही. गूढ शब्दकोड्यात उत्तर तेच असतं, पण तिथे पोचायच्या वाटा दोन असतात. एक वाट अर्थाची: 'रानात वाट चुकवतो हा'. दुसरी वाट शब्दाच्या शरीराची: 'वाचक' हा शब्द घ्या, तो गोंधळला आहे, म्हणजे त्याची अक्षरं जागेवर नाहीत. वा, च, क ही अक्षरं हलवून मांडली की च, क, वा. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या, म्हणून उत्तर पक्कं.

वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं? पुस्तक हातात धरून रानात हरवलेला कुणी बिचारा वाचक. ते चित्र मुद्दाम उभं केलेलं आहे, आणि ते खोटं आहे. कोडं रचणाऱ्याचं सगळं कसब ते चित्र पटण्याजोगं करण्यात असतं आणि सोडवणाऱ्याचं ते मोडण्यात. वाक्य वाक्य म्हणून वाचायचं थांबवून त्यातले शब्द सुटे सुटे वस्तूंसारखे बघता आले की अर्धं काम झालं.

हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना 'केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः' ही ओळ आठवत असेल. केशव पडलेला पाहून द्रोणाला आनंद झाला, हे कसं काय? तर 'केशवं' तोडायचं: 'के' म्हणजे पाण्यात, 'शवं' म्हणजे प्रेत. आणि द्रोण म्हणजे आचार्य नव्हे, डोमकावळा. पाण्यात पडलेलं प्रेत पाहून कावळा खूश झाला. महाभारताचं चित्र दाखवून नदीकाठचा कावळा लपवायचा, हीच गूढ कोड्याची जात.

वृत्तपत्रातलं गूढ कोडं मात्र इंग्लंडात घडलं. साधं शब्दकोडं अमेरिकेतलं. आर्थर विन यांनी ते २१ डिसेंबर १९१३च्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापलं. इंग्रजांनी १९२०च्या दशकात त्याला वाकडं वळण दिलं, आणि मग न्याय्य काय, अन्याय्य काय यावर वाद घालत नियम बसवले. त्यातला एक नियम १९४९ साली 'आफ्रित' या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी सांगितला. त्याचा मतलब असा: मी बोलतो तेच माझ्या मनात असेल असं नाही, पण माझ्या मनात आहे ते मी बोललेलं असलंच पाहिजे. म्हणजे फसवायची मुभा आहे, लपवाछपवीची नाही. उत्तराला लागणारं सगळं सूत्रात लिहिलेलं असतं.

त्यामुळे प्रत्येक सूत्रात दोन भाग असतात. एक सरळ अर्थ, कोशात सापडेल असा. दुसरी करामत, म्हणजे अक्षरांची जोडणी, मोडणी, उलथापालथ. अर्थ सूत्राच्या एकदम सुरुवातीला नाहीतर एकदम शेवटी असतो, मधे कधीच नाही. नवख्याने सूत्र पाहिल्याबरोबर एवढंच करावं: पहिले दोन-चार शब्द किंवा शेवटचे दोन-चार शब्द झाकावेत आणि उरलेल्यात काही करामत दिसते का ते पाहावं. करामतीबरोबर एक इशाऱ्याचा शब्द येतो. वरच्या सूत्रात तो 'गोंधळला' हा होता. 'बिघडलं', 'विस्कटलं', 'ढवळलं' असं काही दिसलं की अक्षरं हलवायची. 'उलटला', 'मागे फिरला' दिसलं की शब्द शेवटाकडून वाचायचा. 'पोटात', 'मध्ये', 'अडकला' म्हणजे एका शब्दाच्या आत दुसरा. 'तोंड', 'सुरुवात', 'शेवट' म्हणजे कडेचं अक्षर. याची मोठी यादी पाठ करण्यात अर्थ नाही. रचणारा रोज नवा इशारा शोधतो आणि तो ओळखू येतोच.

सोडवायला बसण्याआधी मराठीपुरत्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण इंग्रजी कोडी सोडवून आलेले लोक हमखास इथे अडतात.

पहिली, घराची. आपल्याकडे एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरही एकाच घरात. 'रस्ता' दोन घरं घेतो, 'सप्ताह' तीन. कंसातला आकडा याच हिशोबाने असतो. अक्षरं हलवताना मात्रा अक्षराला चिकटलेलीच राहते. 'नवरा' विस्कटून 'वानर' होत नाही, कितीही मोह झाला तरी. नवऱ्यात 'व' आणि 'रा' आहेत, वानरात 'वा' आणि 'र'. काना इकडून तिकडे नेणं हे चोरी करणं झालं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच: 'दिन' आणि 'दीन' ही दोन वेगळी माणसं आहेत. याचा एक फायदा असा की अक्षरं हलवण्याचं काम मराठीत फार नसतं. तीन अक्षरं सहाच प्रकारे मांडता येतात. 'वाचक' धरून त्या सगळ्या मांडण्या समासात लिहून काढायला अर्धं मिनिट लागतं. बाकीच्या पाचांपैकी अर्थ असलेली एकच सापडेल.

दुसरी गोष्ट विभक्तीची. मराठीत शब्द वाक्यात शिरला की त्याचं रूप बदलतं. 'काळा' असतो तो 'काळ्याच्या' होतो, 'सडा' असतो तो 'सड्यात' जातो. ज्या शब्दाच्या अक्षरांशी खेळायचं तो सूत्रात मूळ रूपात, अख्खा दिसावा यासाठी रचणाऱ्याची फार धडपड चालते. म्हणून गूढ सूत्रांची वाक्यं कधी कधी थोडी तुटक वाटतात: 'वाचक गोंधळला', 'राग उलटला'. एखादा शब्द प्रत्यय न लावता, अवघडून उभा असलेला दिसला की संशय घ्या. बहुतेक वेळा चोर तोच असतो. उलट, रचणाऱ्याला तुम्ही आधी पर्याय शोधावा असं वाटत असेल, म्हणजे 'पोपट' म्हणून 'रावा' अपेक्षित असेल, तर तो प्रत्यय बिनधास्त लावतो.

आता पेन्सिल घ्या. पेन नको, का ते दुसऱ्याच उत्तराला कळेल. खालची चौकट चार घरं रुंद आणि पाच घरं उंच आहे. ■ म्हणजे काळं घर, – म्हणजे आकडा नसलेलं मोकळं घर.

१ | २ | ३ | ■
४ | – | – | ५
■ | ■ | ■ | –
६ | ७ | ८ | –
९ | – | – | ■

आडवे शब्द

१. गरम ढवळताच नदीत जबडा उघडणारी (३)
४. साताऱ्याच्या पठारात पोपट अडकला, आता गजाआडचे दिवस (४)
६. आठ अधिक वडा बरोबर सात दिवस (४)
९. शेत गरजेपुरतंच, पोटात मात्र पांढरं फूल (३)

उभे शब्द

१. काम उलटं केलं की पावसाळ्यात भाजून खायचा (२)
२. राग उलटला, फणसात सापडला (२)
३. परवा सुरुवात हुकली, तरी शिरा याचाच (२)
५. सडा, मधोमध रस्त्याचं तोंड. याची धाव कुंपणापर्यंत (३)
६. आतडं शेवटी तुटलं, बाहेर मात्र नाही (२)
७. ठसठशीत गळसरीच्या सुरुवातीलाच लुबाडणारा (२)
८. नवरदेव खाली नसतोच (२)

स्वतः प्रयत्न करायचा असेल तर इथेच थांबा, पुढे सगळी उत्तरं फुटणार आहेत.

एक आडव्यापासूनच सुरुवात करायची असा काही दंडक नाही. सगळी सूत्रं एकदा वाचून सगळ्यात उघडं वाटेल तिथे हात घालावा. मला इथे २ उभा उघडा वाटतो. 'राग उलटला, फणसात सापडला.' अवघडून उभा राहिलेला शब्द 'राग', त्याच्या शेजारी इशारा 'उलटला'. रा-ग उलटं केलं की ग-रा. फणसात काय सापडतं? गरा. दोन्ही वाटा मिळाल्या, लिहून टाका. उभ्या शब्दात 'उलटा' याचा अर्थ खालून वर असा होतो. चौकटीत गरा खालून वर वाचलात तर राग दिसेल. काही रचणारे उभ्या सूत्रात यासाठी 'चढला', 'वर गेला' असे इशारे वापरतात. आडव्या शब्दाला ते चालत नाहीत, कारण आडवा शब्द चढणार कुठे?

आता १ उभा. दोन अक्षरं, 'पावसाळ्यात भाजून खायचा'. नवखा माणूस इथे खुशाल 'भुट्टा' लिहितो. अर्थ जुळतो, अक्षरं दोनच, पुल्लिंगही जुळतं. आणि तरीही चूक. कारण सूत्रातल्या 'काम उलटं केलं' या तीन शब्दांचं काय झालं, याचा जबाब 'भुट्टा'कडे नाही. का-म उलटं केलं की म-का. मका. साध्या कोड्यात अशा वेळी दोन्ही उत्तरं शक्य असतात आणि आडवा शब्द येईपर्यंत थांबावं लागतं. गूढ कोड्यात सूत्रच निकाल देतं. अर्थ तुम्हाला उमेदवार देतो, करामत त्यांच्यातला खरा निवडते. सूत्रातला एकही शब्द बेकार उरला तर उत्तर लिहू नका. लिहायचंच असेल तर फिकट लिहा.

३ उभा: 'परवा सुरुवात हुकली, तरी शिरा याचाच'. इथे 'परवा' हा दिवस नाही, तीन अक्षरांची वस्तू आहे. तिची सुरुवात हुकली, प गेला. उरला रवा. शिरा याचाच. ('गाजराचा शिरा का नाही?' असं पत्र कुणी लिहू नये.)

एवढ्यात गंमत झाली आहे. पहिली ओळ पाहा: म, ग, र. १ आडवा न वाचताच भरला! तरी सूत्र तपासायचं. 'नदीत जबडा उघडणारी' हा अर्थ, 'गरम' ही सामग्री, 'ढवळताच' हा इशारा. ग-र-म ढवळून म-ग-र. तपासणी पूर्ण झाली म्हणजे फक्त मगरच पक्की झाली असं नाही, तर मका, गरा आणि रवा या तिघांवरही शिक्का बसला. 'भुट्टा' लिहिला असता तर इथे 'भुगर' नावाचा प्राणी तयार झाला असता.

दुसऱ्या ओळीत आता का, रा, वा आहेत आणि एक घर मोकळं. ४ आडव्याचा अर्थ 'गजाआडचे दिवस' असावा असा अंदाज केला तर कारावास आपोआप सुचतो. अर्थ जुळला, घरं जुळली. पण करामत कळलेली नाही. अशा वेळी उलट्या दिशेने काम करायचं: उत्तर समोर ठेवून सूत्र उलगडायचं. 'अडकला' म्हणजे एकाच्या आत दुसरा. बाहेरची अक्षरं का आणि स: कास. फुलांसाठी प्रसिद्ध असलेलं साताऱ्याजवळचं पठार. आतली अक्षरं रावा. रावा म्हणजे पोपट; जुन्या कवितेत आणि ओव्यांत भेटतो. कास या शब्दात रावा अडकला, का-रावा-स. हे असं मागून उलगडणं म्हणजे फसवणूक नव्हे. मुरलेले लोकही अर्धी सूत्रं अशीच सोडवतात.

मी जाणूनबुजून मका आणि गरा आधी सोडवले. समजा तुमच्याकडे फक्त रवा होता, म्हणजे तिसरं घर 'वा'. आता 'गजाआडचे दिवस' पाहून काय लिहिलं असतंत? बंदिवास. चार अक्षरं, तिसरं वा, सगळं चोख. मग १ उभ्याचं दुसरं अक्षर 'बं' झालं असतं आणि तुम्ही अर्धा तास 'पावसाळ्यात भाजून खायचा' असा 'काहीतरी-बं' शोधत बसला असता. या खेळात लोक कोडं सोडून देतात ते बहुतेक वेळा कठीण सूत्रामुळे नव्हे, तर अशा एका आत्मविश्वासाने भरलेल्या चुकीच्या शब्दामुळे. एखादा कोपरा अजिबात हलेना झाला तर न सुटलेल्या सूत्राकडे पाहत बसू नका. आधी लिहिलेल्या शब्दांपैकी कोणाची करामत तुम्हाला सांगता येत नाही ते शोधा आणि तो खोडा. बंदिवासात पोपट कुठे आहे? पठार कुठे आहे? नाहीत, म्हणजे तो जायलाच हवा.

कारावासाच्या 'स'ने खाली जायचा दरवाजा उघडला. या चौकटीत वरचा आणि खालचा भाग जोडणारा शब्द ५ उभा हा एकच आहे. 'सडा, मधोमध रस्त्याचं तोंड. याची धाव कुंपणापर्यंत.' कुंपणापर्यंत धाव कुणाची, हे मराठी माणसाला सांगायला नको. करामत पाहू: 'रस्त्याचं तोंड' म्हणजे रस्ता या शब्दाचं पहिलं अक्षर, र. ते 'सडा'च्या मधोमध ठेवलं: स-र-डा. सरडा. इथे दोन युक्त्या एकाच सूत्रात आल्या, कडेचं अक्षर काढणं आणि ते दुसऱ्याच्या आत घालणं. 'रस्त्याचं' हे प्रत्यय लागलेलं रूप चाललं, कारण त्यातलं पहिलं अक्षर प्रत्ययाने बदलत नाही. 'सडा' मात्र अख्खा हवा होता, म्हणून तो स्वल्पविरामापाशी एकटा उभा आहे. अंगणातला सडा, समोर रस्ता, कडेला कुंपण, हे चित्र मनात उभं राहिलं असेल तर रचणाऱ्याने आपलं काम केलं.

६ आडव्याच्या शेवटी आता 'डा' आहे. 'आठ अधिक वडा बरोबर सात दिवस.' गणित साफ चुकलेलं आहे, त्यामुळे ते गणित नसणार. 'अधिक' म्हणजे जोडा. आठ आणि वडा जोडून आठवडा, 'बरोबर' हा मधला दुवा आणि 'सात दिवस' हा अर्थ. इथे 'सप्ताह' डोक्यात आला असेल तर कंसातला आकडा वाचवतो: सप्ताहाला तीनच घरं लागतात. असे जोडशब्द मराठीत फार सुंदर सापडतात, आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर मराठी गूढ कोड्याची खरी ताकद अक्षरं ढवळण्यात नसून या जोडण्यात आहे. सा आणि सर मिळून सासर, मा आणि हेर मिळून माहेर, ना आणि शिक मिळून नाशिक. भाषेने आयते करून ठेवलेले हे विनोद आहेत. आपण रोज बोलतो आणि ते लक्षात येत नाहीत.

खालच्या दोन ओळींतले तीन उभे शब्द आता पहिलं अक्षर घेऊन उभे आहेत: आ, ठ, व. ६ उभा: आतडं शेवटी तुटलं, आ-त-डं मधलं शेवटचं घर गेलं, उरलं आत. 'बाहेर मात्र नाही' हा अर्थ. ७ उभा: 'सुरुवातीलाच' हा इशारा आधीच्या दोन्ही शब्दांना लागू आहे, ठसठशीतचा ठ, गळसरीचा ग. ठग, लुबाडणारा.

८ उभा वेगळा आहे. 'नवरदेव खाली नसतोच.' यात अवघडून उभा राहिलेला शब्द नाही, इशारा नाही, अक्षरं कुठून घ्यायची ते कळत नाही. सूत्र लहान असेल आणि करामतीचा मागमूस नसेल, तर बहुधा दोन अर्थ शेजारी शेजारी ठेवलेले असतात. 'नवरदेव' म्हणजे वर. 'खाली नसतोच' म्हणजेही वर. एकाच शब्दाचे दोन न जुळणारे अर्थ, हीच इथली करामत. नवख्यांना हा प्रकार सोपा वाटतो. मला मात्र यात सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण पकडायला काही हातच नसतो. वाक्य कुठे तोडायचं तेवढंच शोधायचं असतं.

शेवटची ओळ: त, ग, र. तगर. ९ आडवा आधी घेतला असतात तर 'पांढरं फूल (३)' पाहून हात मोगऱ्याकडे गेला असता, आणि ठगाच्या 'ग'ने त्याला दुजोराही दिला असता. मो-ग-रा. मग ८ उभा 'वरा' झाला असता आणि नवरदेव हाक मारल्यासारखा संबोधनात गेला असता. खरी वाट 'पोटात' या इशाऱ्याने दाखवली आहे: 'शेत गरजेपुरतंच' या शब्दांच्या पोटात, एका शब्दाच्या शेपटीपासून दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत, त-ग-र सलग लिहिलेलं आहे. उत्तर तुमच्या डोळ्यांसमोर छापलेलं होतं. दडलेला शब्द शोधताना शब्दांमधल्या मोकळ्या जागा पुसून टाकायच्या: शेतगरजेपुरतंच. आता दिसेल.

भरलेली चौकट अशी:

म | ग | र | ■
का | रा | वा | स
■ | ■ | ■ | र
आ | ठ | व | डा
त | ग | र | ■

खऱ्या कोड्यांत इतकी दाट वीण नसते. इथे एकच घर सोडून प्रत्येक घर दोन शब्दांच्या वाट्याला आलं होतं, म्हणून मगर फुकटात मिळाली. मोठ्या चौकटीत साधारण एक सोडून एक घर असं दुहेरी असतं, त्यामुळे प्रत्येक शब्दाची निम्मी अक्षरं तुम्हाला स्वतःच कमवावी लागतात. पहिल्या खेपेला अकरापैकी तीन सूत्रं सुटली आणि उरलेल्या आठांची उत्तरं वाचून 'हां, असं होय' म्हणता आलं, तर गाडी रुळावर आहे. उत्तर वाचूनही करामत कळली नाही तर मात्र ते सूत्र सोडू नका. सूत्रातल्या प्रत्येक शब्दाखाली त्याचं काम लिहा: हा अर्थ, ही सामग्री, हा इशारा, हा नुसता दुवा. एखाद्या शब्दाखाली काहीच लिहिता येईना, तर एकतर तुम्हाला उलगडा व्हायचा आहे, नाहीतर रचणाऱ्याचं चुकलं आहे. तेही होतं, आणि तशी पत्रं आम्हाला येतात.

सरावाला चार सूत्रं. चौकट नाही, आडवी अक्षरं मदतीला येणार नाहीत.

क. मास्तर, परंतु चुलीत घालायचं (४)
ख. काल वणवा! आत मीठच मीठ (३)
ग. काळा, पोटात 'आणि' घेऊन श्राद्धाला येतो (३)
घ. उलटलं तरी तसंच राहणारं तारू (३)

उत्तरं लगेच वाचायची नसतील तर पुढचा परिच्छेद हाताने झाका.

क: मास्तर म्हणजे सर, परंतु म्हणजे पण, सरपण. ख: 'काल वणवा'च्या आत ल-व-ण; लवण म्हणजे मीठ. ग: 'आणि'साठी व, काळा या शब्दाच्या पोटात तो बसला की कावळा. या सूत्रात 'काळा' हा शब्द सामग्रीही आहे आणि पक्ष्याचं वर्णनही, असा योग रचणाऱ्याला क्वचित साधतो. घ: ज-हा-ज, कोणत्याही टोकाकडून वाचा.